सकाळचा शांत भाव आणि रात्रीत पडणारं अंतर

वाचकाचं पत्र : "निपाणी तालुक्यात माझं छोटं सराफी दुकान आहे. उसाचं बिल जमा झालं की आणि लग्नसराईत गिऱ्हाईक बहुतेक संध्याकाळीच येतं. विसार घेऊन त्या वेळच्या भावानं ऑर्डर बांधून देतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला एमसीएक्स या वायदा बाजारात गोल्ड मिनी, म्हणजे १०० ग्रॅम सोन्याचा वायदा, घेऊन ठेवतो, म्हणजे भाव वाढला तरी माझं नुकसान होऊ नये. संध्याकाळी भाव फार नाचतो, सकाळी शांत असतो, म्हणून सकाळ निवडली. पण या हंगामात चार-पाच वेळा रात्रीच्या बंद भावापेक्षा सकाळचा भाव ५०० ते ८०० रुपयांनी वर उघडला. मागच्या आठवड्यात ८० ग्रॅमच्या हारासाठी घेतलेल्या मिनीला ४०० रुपये खाली स्टॉप लॉस लावला होता. दुसऱ्या सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी तो लागला, तोही ठरवल्यापेक्षा ९० रुपये खाली, आणि ११ पर्यंत भाव परत वर. सकाळी कुणी भाव खेळवतं का? एक मित्र म्हणतो, परदेशी अ‍ॅपवर पहाटे ४ लाही सोनं घेता येतं, तिथं घे. काय करू?"

---

तुमचा सकाळचा भाव कुणी खेळवत नाही. तरीही तुमचं नुकसान खरं आहे, आणि ते दर हंगामात होत राहील, कारण दुखणं वेळेच्या निवडीत आहे. तुम्ही शांत वेळ निवडलीत. त्या शांततेचं कारण तेवढं पाहायचं राहिलं.

आधी रात्रीचं पाहू. एमसीएक्स रात्री ११.३० ला बंद होतं, अमेरिकेतल्या हिवाळ्यात ११.५५ ला. बंद होतो तो आपला बाजार, सोन्याचा नव्हे. न्यूयॉर्कचा वायदा बाजार, म्हणजे कॉमेक्स, उन्हाळ्यात आपल्या घड्याळानं पहाटे २.३० पर्यंत चालतो, तासभर थांबतो आणि ३.३० ला पुन्हा सुरू होतो. मग टोकियो जागं होतं, पाठोपाठ शांघाय. शांघाय गोल्ड एक्स्चेंजवर सकाळचा ठरावीक भाव निघतो तेव्हा आपल्याकडे ७.४५ झालेले असतात आणि तुमच्या दुकानाचं शटरही वर गेलेलं नसतं. म्हणजे तुमच्या दृष्टीनं जे साडेनऊ तास 'बंद' होते, त्यात जगानं हजारो सौदे केलेले असतात. डॉलरमधला भाव त्या वेळात जिथं जाऊन पोहोचला असेल तिथंच ९ वाजता एमसीएक्सचा पहिला सौदा होतो. तुम्हाला दिसणारी ५००-८०० रुपयांची उडी ही त्या साडेनऊ तासांची चाल असते, एका क्षणात दिसलेली. मधल्या पायऱ्या तुम्हाला मिळाल्या नाहीत, एवढाच फरक.

आता दिवसाकडे या. दर प्रहराला सोन्याचा स्वभाव बदलतो, कारण दर प्रहराला वेगळी माणसं बाजारात असतात आणि ती वेगळ्या कामासाठी आलेली असतात. सकाळच्या आशियाई वेळेत मुख्यतः माल घेणारे असतात. चीनमधले दागिने बनवणारे, बँका, सोन्याच्या लगडी घेणारे. ते भावावर झडप घालत नाहीत. उतरला की घेतात, चढला की थांबतात. म्हणून एरवी तिथं भाव संथ दिसतो. दुपारी आपल्याकडे १२.३० च्या सुमारास लंडन उघडतं. प्रत्यक्ष सोन्याचा जगातला सगळ्यात मोठा घाऊक व्यवहार तिथं होतो, बँका, खाणी आणि शुद्धीकरण कारखाने यांच्यात. लंडनचा लिलावातून ठरणारा भाव दिवसातून दोनदा निघतो, उन्हाळ्यात आपल्या दुपारी ३ ला आणि संध्याकाळी ७.३० ला. ५.५० ला न्यूयॉर्कमधली मुख्य वर्दळ सुरू होते. तिथल्या मंडळींना दागिन्यांशी देणंघेणं नसतं. डॉलर, व्याजदर आणि महागाई यांवर पैसे लावण्याचं ते एक साधन असतं. अमेरिकेतले रोजगाराचे आणि महागाईचे आकडे तिथं सकाळी ८.३० ला जाहीर होतात, म्हणजे आपल्या संध्याकाळी ६ ला. तुम्हाला संध्याकाळी जो नाच दिसतो तो इथून येतो.

हे सगळं उन्हाळ्याचं गणित. लंडन आणि न्यूयॉर्क हिवाळ्यात घड्याळं तासभर मागं घेतात, आपण घेत नाही, म्हणून तिथल्या वेळा आपल्याकडे तासानं पुढं सरकतात. ७.३० चा लिलाव ८.३० ला, ६ चे आकडे ७ ला. शांघायचं घड्याळ मात्र वर्षभर तेच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते, ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे दोघांचा मेळ बसत नाही. त्या आठवड्यांत वेळ एकदा ताडून बघा.

संध्याकाळी ५.५० ते रात्री ९.३०-१० पर्यंत लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही एकाच वेळी जागे असतात. एमसीएक्सवरही सगळ्यात जास्त सौदे संध्याकाळच्या सत्रातच होतात. भाव नाचतो तो याच वेळेत, आणि बाजार सगळ्यात खोल असतो तोही याच वेळेत. तुमचा घोटाळा इथं झाला, असं मला वाटतं. भाव किती हलतो ही एक गोष्ट. तुम्ही तुमचं काम करताना तो तुमच्यामुळे किंवा तुमच्यासारख्या चार जणांमुळे किती सरकतो, ही वेगळी गोष्ट. तुम्हाला दुसरी मोजायला हवी होती, तुम्ही पहिली मोजलीत.

खोली मोजणं अवघड नाही. ब्रोकरच्या अ‍ॅपवर मिनीच्या नावावर दाबलं की 'मार्केट डेप्थ' उघडतं. एका बाजूला घेणाऱ्यांचे पाच भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे पाच, आणि प्रत्येकासमोर किती लॉट आहेत तो आकडा. समजा, संध्याकाळी ७ ला सगळ्यात वरच्या घेणाऱ्यात आणि सगळ्यात खालच्या विकणाऱ्यात १० रुपयांचं अंतर आहे आणि पाचही ओळींत मिळून दीडशे लॉट उभे आहेत. तुमचा एक लॉट तिथं कुणाला कळणारही नाही. आता समजा, सकाळी ९ वाजून १ मिनिटाला अंतर ५० रुपयांचं आहे आणि प्रत्येक ओळीत एक-दोन लॉट आहेत. पडद्यावरचा भाव हलत नसेल, पण कुणी बारा लॉट एकदम विकायला काढले तर तो पाचही ओळी पार करून खाली जाईल आणि मिनिटभरात पुन्हा वर येईल. तुमचा स्टॉप लॉस अशाच एका खड्ड्यात गेला.

सकाळी ९ ला असं का होतं, याचं एक कारण फार कमी जणांच्या ध्यानात असतं. शांघायच्या वायदा बाजाराला, म्हणजे शांघाय फ्युचर्स एक्स्चेंजला, दुपारची सुट्टी असते. ती तिथल्या ११.३० ते १.३० पर्यंत. आपल्या घड्याळानं ती वेळ बरोबर ९ ते ११! आपण उघडतो त्याच मिनिटाला आशियातला एक मोठा वायदा बाजार जेवायला उठतो. लंडनला अजून पहाट असते, न्यूयॉर्क झोपायला गेलेलं असतं. शिवाय पहिल्या काही मिनिटांत आपल्याकडे रात्रभराची चाल पचवायची असते. रोज दोन्ही बाजूंना भाव मांडणारे व्यापारीही तेव्हा हात आखडता घेतात, कारण चुकले तर माल खपवायला समोर कोणी नसतं. तुमच्या पत्रात भाव ११ पर्यंत परतला असं लिहिलंय. एका दिवसावरून मी नियम काढणार नाही, पण शांघायचं जेवण ११ ला संपतं हे लक्षात असू द्या.

स्टॉप लॉसबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानदारांकडून ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. स्टॉप लॉस म्हणजे त्या भावाला माल विकला जाईल अशी हमी नव्हे. भाव तिथं टेकला की तुमची ऑर्डर बाजारात सुटते, पुढं समोर जो गिऱ्हाईक असेल त्याचा भाव मिळतो. पातळ बाजारात समोरचा ९० रुपये खाली उभा असतो. पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे: तुम्ही स्टॉप लॉस लावलातच का? तुम्ही मिनी नफ्यासाठी घेतली नव्हती. गिऱ्हाइकाला बांधून दिलेल्या भावाची ती राखण होती. भाव ४०० रुपये उतरला तर मिनीत तोटा दिसेल, हे खरं. पण कोल्हापूरच्या गुजरीतून चोख सोनं घ्याल तेव्हा तेही तेवढंच स्वस्त मिळेल, आणि गिऱ्हाईक पैसे जुन्याच भावानं देणार आहे. दोन्ही बाजू मिटतात. स्टॉप लॉसनं तुम्ही एक बाजू कापून टाकलीत आणि तोटा पक्का केलात. मग भाव परत वर गेला आणि हार पुन्हा उघडा पडला. राखणीच्या सौद्याला स्टॉप लॉस लावायचा नसतो. माल हातात आला की तो सौदा मोडायचा असतो.

आता वजन. हार ८० ग्रॅमचा, २२ कॅरेटचा. म्हणजे त्यात शुद्ध सोनं ८० गुणिले ०.९१६, साधारण ७३ ग्रॅम. मिनी १०० ग्रॅमची. तुम्ही २७ ग्रॅम जास्त घेतलंत. तेवढ्यापुरतं तुम्ही राखण करत नव्हतात, सट्टा करत होतात, आणि तो हेतू तुमचा नव्हता हे मला ठाऊक आहे. एमसीएक्सवर १० ग्रॅमचा गोल्ड टेन आहे, १ ग्रॅमचा पेटल आहे. सात टेन घेतले तर ७० ग्रॅम झाकले जातात. किंवा दोन-तीन संध्याकाळच्या ऑर्डरींची बेरीज १०० ग्रॅम शुद्धाच्या जवळ आली की एक मिनी. लहान लॉट घेताना मात्र त्याच संध्याकाळी त्याची डेप्थ बघा. छोट्या वायद्यात ओळी विरळ दिसल्या तर मिनीची वाट बघणं बरं.

तुमच्या हाराचाच हिशेब करू. संध्याकाळी ७ ला भाव बांधला, सकाळी ९ ला १० ग्रॅममागं ७०० रुपये वर उघडला. ७३ ग्रॅमला ५,११० रुपये गेले. तोच सौदा संध्याकाळी ७.१० ला केला असता, तर १० रुपयांच्या अंतरापायी फार तर ७०-७५ रुपये गेले असते आणि वर ब्रोकरेज. भाव रात्रीतून उलट ७०० रुपये उतरला असता तर सकाळी घेऊन तुम्हाला ५,११० रुपये वाचले असते, हेही खरं. असे चार दिवस लागोपाठ आले की माणसाला ती सवय शहाणपणाची वाटू लागते. पण ते पैसे तुम्ही न ठरवता लावलेल्या डावाचे असतात.

मित्राचं पहाटे ४ वाजताचं अ‍ॅप. याचं उत्तर मी ठामपणे 'नको' असं देतो, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. परवानगी नसलेल्या परदेशी मंचावर असे सौदे करणं आणि त्यासाठी पैसे बाहेर पाठवणं परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. अशा मंचांची सावधानतेची यादी रिझर्व्ह बँक स्वतः प्रसिद्ध करते. पैसे अडकले तर बेळगावातलं कुठलं कार्यालय तुमची तक्रार घेणार? दुसरं कारण तुमच्या प्रश्नाच्या गाभ्यातलं. पहाटे २.३० ते ५.३० हा चोवीस तासांतला सोन्याचा सगळ्यात पातळ वेळ आहे. न्यूयॉर्क उठून गेलेलं असतं, कॉमेक्सचा एक तास तर पूर्ण बंद, आणि टोकियोची मंडळी ५.३० नंतर जागेवर येतात. त्यातही सोमवारची पहाट सगळ्यात वाईट, कारण शनिवार-रविवारच्या बातम्याही तेव्हाच पचवायच्या असतात.

९ ऑगस्ट २०२१ चा सोमवार मला लख्ख आठवतो. आधीच्या शुक्रवारी, ६ तारखेला, संध्याकाळी ६ ला अमेरिकेचे रोजगाराचे आकडे आले, ९ लाख ४३ हजार नव्या नोकऱ्या. आकडा अपेक्षेपेक्षा बराच मोठा, त्यामुळे व्याजदर वाढतील या धास्तीनं सोनं उतरलं आणि औंसाला सुमारे १,७६० डॉलरवर आठवडा संपला. त्या पातळीखाली अनेकांचे स्टॉप लॉस रचून ठेवलेले होते. सोमवारी पहाटे बाजार उघडला तेव्हा जपानला सुट्टी होती आणि सिंगापूरचा राष्ट्रीय दिन होता. म्हणजे त्या वेळी जे दोन बाजार थोडाफार आधार देतात, तेच रिकामे. विक्री आली, एक स्टॉप लागला, त्यानं भाव खाली ढकलला, पुढचा लागला. काही मिनिटांत सोनं १,६९० डॉलरच्याही खाली गेलं, चार टक्क्यांहून जास्त. मग सकाळ वर आली, गिऱ्हाईक आलं आणि भाव १,७४० च्या आसपास परतला. आपला बाजार ९ ला उघडेपर्यंत त्या पडझडीतला मोठा भाग भरून निघाला होता. ज्यांच्याकडे पहाटे चालणारं अ‍ॅप होतं त्यांचे स्टॉप त्या खड्ड्यात गेले. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी चहा घेता घेता ती बातमी वाचली. २० जुलै २०१५ लाही असंच झालं होतं. सोमवार, सकाळची वेळ, जपानला सुट्टी, शांघायमध्ये एकदम मोठी विक्री, आणि सोनं काही क्षणांत १,१०० डॉलरखाली.

म्हणून तुमच्यासाठी आणि चिकोडी-संकेश्वरपासून खानापूरपर्यंत असाच धंदा करणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. विसार घेतला की त्याच संध्याकाळी राखण करा, पावती लिहिताना. ऑर्डर ठरावीक भावाची टाका, 'बाजारभावानं' नको. समोरच्या विकणाऱ्याच्या भावाला लावली तर गर्दीच्या वेळी ती लगेच भरते. आकड्यांच्या दिवशी बरोबर ६ च्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं सोडा. तेवढ्या वेळापुरते संध्याकाळीसुद्धा भाव मांडणारे बाजूला होतात आणि खोल बाजार उथळ होतो. पंधरा मिनिटांनी तीच जागा पुन्हा भरलेली दिसेल. गिऱ्हाईक रात्री ९.३० नंतर आलं तर लंडन उठून गेलेलं असतं, पण न्यूयॉर्क आहे. डेप्थ बघून काम होऊ शकतं. ११ नंतर आलं तर मात्र भाव बांधून देऊ नका. "विसार ठेवा, भाव उद्या दुपारचा" असं सांगा. ओळखीचं गिऱ्हाईक समजून घेतं, आणि न घेतलं तरी ५,००० रुपयांपेक्षा ते स्वस्त पडेल.

काही कारणानं संध्याकाळ हुकलीच तर सकाळी ९ ला धावू नका. हे सांगणं जरा विचित्र वाटेल, कारण राखण नसलेला प्रत्येक तास जोखमीचा असतो. पण पहिली १५-२० मिनिटं जाऊ दिली तर दोन्ही बाजूंचं अंतर बरंच आवळलेलं दिसतं. त्याहून जास्त थांबून 'भाव उतरेल' अशी वाट बघायची नाही.

कोल्हापूरच्या बुलियनवाल्याकडे भाव बांधण्याची सोय असेल तर वायद्याच्या भानगडीत न पडता फोनवर त्याच क्षणी ७३ ग्रॅम चोख बांधून घेणं हा आणखी सरळ मार्ग आहे. तोही संध्याकाळी स्वतःची राखण याच बाजारात करतो. त्यामुळे रात्री १० ला विचाराल तर तो भावात थोडं जास्त धरेल, संध्याकाळी ७ ला कमी. त्याचा फरक दोन-तीन दिवस विचारून बघा. वायदा घेणार असाल तर मिनीचा करार दर महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास संपतो, आणि शेवटच्या दिवसांत मार्जिन वाढतं, प्रत्यक्ष माल घेण्याची जबाबदारी येते. लग्न पुढच्या महिन्यात असेल तर सुरुवातीलाच, माल हातात येईल त्यानंतर संपणारा करार घ्या.

शुक्रवारच्या ऑर्डरी कधीही उघड्या ठेवू नका. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ हे सगळ्यात लांब अंतर, आणि त्यात ती सोमवारची पहाट येते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनला राष्ट्रीय सुट्टी असते आणि शांघाय बंद राहतं. दसरा त्याच सुमारास आला तर आपल्याकडची सकाळ नेहमीपेक्षा पातळ असणार.

शेवटी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ तारखांना खूण करून ठेवा. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेड, वर्षात आठ वेळा व्याजदराची ठरलेली बैठक घेते. निर्णय तिथल्या दुपारी २ ला जाहीर होतो. उन्हाळ्यात ते आपले रात्रीचे बरोबर ११.३० असतात, एमसीएक्स बंद होण्याचा क्षण. हिवाळ्यात १२.३०, आणि आपला बाजार ११.५५ ला मिटलेला असतो. म्हणजे वर्षातल्या या आठ रात्री सोन्याची मोठी चाल सगळीच्या सगळी बंद दारापलीकडे होते आणि सकाळी ९ ला एकदम अंगावर येते. त्या दिवशी संध्याकाळी ८ नंतर आलेल्या कुठल्याही ऑर्डरीला, राखण केल्याशिवाय, भाव बांधून देऊ नका.